पाच हजार आले कुठून?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

अध्यक्षमहाराज, कलम ७४ या सभागृहात मी समजावून सांगणं म्हणजे कोकणात नारळ विकणं. पहिल्या तीन रांगांतले कंत्राटदार ते भोगूनच आलेत! (हशा) करारातला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा, न्यायालय देतं ती तिच्या आतली वाजवी रक्कम, एवढं म्हणून पुढे जातो. इंग्रजांनी ‘भरपाई की दंड’ हा घोळ घातला, आपल्या १८७२ च्या कायद्यानं दोघांना एकाच पंक्तीला बसवलं.

आता बटाटे. मौला बक्षनं १९४७ साली लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचं कंत्राट घेतलं आणि साडेअठरा हजार अनामत ठेवली. पुरवठा नियमित झाला नाही. सरकारनं करार मोडला, अनामत जप्त केली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं विचारलं: तुम्ही तो माल बाहेरून कोणत्या भावानं घेतलात? भाव सिद्ध करता आला असता, पण सरकारनं पुरावाच दिला नाही. जप्ती टिकली नाही.

उलट २००३ चा ओएनजीसीचा खटला. तेलविहिरींचे पाइप उशिरा आले. दर आठवड्याला एक टक्का, कमाल दहा टक्के, अशी एलडी करारात होती. लवादानं नुकसानीचा पुरावा मागितला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खोदकाम लांबल्याचा तोटा रुपयांत मोजणं अवघड. म्हणूनच दोघांनी आधी अंदाज बांधला. तो अवाजवी आहे हे पुरवठादारानं दाखवावं. बटाट्याला बाजारभाव असतो, थांबलेल्या विहिरीला नसतो.

म्हणून माझा हट्ट एकच: आकडा कसा काढला, तो हिशेब सहीच्या दिवशीच कागदावर मांडून करारासोबत ठेवा. हसू नका, हे मी स्वतःच्या घरावर शिकलोय. बांधकामाच्या करारात मी ऐटीत लिहिलं, ‘उशीर झाल्यास रोज पाच हजार’. चाळीस दिवस उशीर झाला. मी दोन लाख कापायला निघालो. मिस्त्री चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “साहेब, पाच हजार आले कुठून?” मी भाड्याच्या घरात, भाडं महिना बारा हजार, म्हणजे रोजचे चारशे. चाळीस दिवसांचे सोळा हजार. सौ. आतून ओरडल्या, “सामान हलवायचे चार हजार दोनदा गेले, ते धरा!” पहिली खेप ठरल्या तारखेच्या भरवशावर नेऊन परत आणली होती. आठ हजार धरले. चोवीस हजार कापले. वकील मी, हिशेब तिचा! (हशा, टाळ्या)

नाही, वकिलांवर टीका नाही, मी स्वतःच... चिठ्ठी आली, पाच मिनिटं. इंग्लंडचं २०१५ चं मॅकडेसी प्रकरण राहू द्या. आपल्याकडचं त्याच वर्षीचं कैलाशनाथ सांगतो: दिल्ली विकास प्राधिकरणानं बयाणा जप्त केला, पण तोच भूखंड पुढे कितीतरी चढ्या भावानं विकला. नुकसान कुठे? बयाणा परत करावा लागला. मागून कुणी विचारतंय, सरकारी छापील निविदेत हिशेब कसा जोडायचा? निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा, आकडा कुठून आला म्हणून. उत्तर आलं नाही, तरी तुमच्या पत्राची पोच जपून ठेवा.