साच्यात की साच्यांत?



आयईएल्ट्सच्या रीडिंगमधल्या एकाच प्रश्नप्रकारावर बोलतो: उताऱ्यातला शब्द उचलून सारांशातली किंवा तक्त्यातली गाळलेली जागा भरणे. साठ मिनिटांत 40 प्रश्न असतात. ॲकॅडमिकला साधारण 30 बरोबर आले की सात बँड मिळतो. 29 आले तर साडेसहा. हा एक मार्क मी स्वतः एका ‘एस’पायी घालवलाय.

उतारा आपल्या परळीचाच घेऊ. थर्मलच्या राखेच्या विटा. मीच रचलाय:

‘ॲश इज मिक्स्ड विथ लाइम अँड सँड. द मिक्स्चर इज प्रेस्ड इन मोल्ड्स, अँड द ब्रिक्स आर केप्ट वेट फॉर सेव्हन डेज.’

आता सारांश, आणि सूचना अशी की दोनपेक्षा जास्त शब्द नकोत:

‘ॲश इज कम्बाइन्ड विथ सँड अँड (1). ब्रिक्स आर शेप्ड इन (2) अँड मस्ट रिमेन (3).’

आधी उतारा हाताने झाका. नुसत्या सारांशावरून सांगा, तिथे काय बसेल? पहिल्या जागी ‘सँड’च्या जोडीचं नाम हवं. उताऱ्यात ‘मिक्स्ड’चं इथे ‘कम्बाइन्ड’ झालंय, म्हणजे वाक्य हेच. उत्तर ‘लाइम’.

दुसरी जागा आपल्याला फसवते. आपण मनात म्हणतो, ‘साच्यात’. अनेक साचे असले तरी बोलताना ‘साच्यात’च, ‘साच्यांत’वरचा अनुस्वार कानाला कुठे लागतो? त्याच सवयीने मी ‘मोल्ड’ लिहिलं. इंग्रजीत मोजता येणारं नाम एकवचनात असेल, तर आधी ‘अ’ किंवा ‘द’सारखा शब्द लागतो. इथे रिकाम्या जागेआधी तसं काही नाही. म्हणून ‘मोल्ड्स’च.

तिसरीत ‘केप्ट वेट’ लिहायचा मोह होतो. शब्द दोनच आहेत, मर्यादेत बसतात. पण ‘मस्ट रिमेन केप्ट वेट’ मोठ्याने वाचा. ‘केप्ट’चं काम ‘रिमेन’ने आधीच केलंय. उत्तर ‘वेट’.

आपली खोड अशी की मराठीत शब्द उचलला की त्याला वाकवावंच लागतं: राख, राखेत, राखेपासून. इथे ‘उताऱ्यातून शब्द निवडा’ म्हटलं, की शब्द जसाच्या तसा घ्यायचा. तो बसवायला शेपूट जोडावं किंवा तोडावं लागलं, तर बहुधा शब्दच चुकलाय. शेजारचं वाक्य बघा.

तक्त्यात वाक्य पूर्ण नसतं, तिथे स्तंभाचं शीर्षक आणि शेजारचे रकाने बघायचे. शेजारी ‘मिक्सिंग’, ‘प्रेसिंग’ असेल, तर तुमचा शब्दही बहुधा त्याच घडणीचा. रकान्यात ‘डेज’ छापलेलं असेल, तर फक्त ‘सेव्हन’ लिहा. ‘सेव्हन डेज’ लिहिलं तर ‘सेव्हन डेज डेज’ होतं. स्पेलिंग चुकलं तरी मार्क जातो, म्हणून अक्षरं उताऱ्यात बघूनच उतरवा.

आता तुमच्या हातातल्या कागदावरचा दुसरा तक्ता घेऊ. उतारा झाका.