बसमधल्या त्रासाची तक्रार कुठे करायची?

आमच्या शेजारचा दुसरीतला मुलगा शाळेची बस आली की पोट दुखतं म्हणायचा. बसमधला अटेंडंट त्याला ‘जाड्या’ म्हणून चिडवायचा आणि जागा रिकामी असली तरी उभा ठेवायचा. वडिलांनी थांब्यावरच त्याला झापलं. दुसऱ्या दिवसापासून त्रास वाढला, कारण बसमध्ये वडील नसतात, तोच असतो.

मग आम्ही अर्ज लिहिला. तारीख, वेळ, बसचा नंबर आणि मुलाचेच शब्द. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं, पण अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतला. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ‘ते जपून ठेवावं’ असं अर्जातच लिहिलं. ‘माणूस ठेकेदाराचा आहे’ असं उत्तर आलं. आम्ही म्हटलं, बस शाळेने लावली आहे, जबाबदारीही शाळेचीच. चित्रण पाहिल्यावर अटेंडंट बदलला.

शाळेने दाद दिली नाही, तर तीच प्रत जोडून जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं, त्यानंतर राज्य बालहक्क आयोगाकडे. मूल धोक्यात असेल तर १०९८ वर केव्हाही फोन करता येतो.

मात्र कुणी वाईट हेतूने अंगाला हात लावला असेल, तर या पायऱ्या चढत बसू नका. थेट पोलिसांकडे जा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे शाळेलाही ते कळवावंच लागतं; आतल्या आत दाबणं हा गुन्हा आहे.