पत्राच्या पहिल्या दहा ओळी



आम्ही कामगार-संघटनेतली माणसे. शाळेत फार शिकलो नाही. लिहिणे शिकलो ते निवेदने खरडता खरडता. तेव्हा आज एका निवेदनाचीच हकीकत सांगतो.

आपल्या कोल्हापूरच्या फौंड्र्यांत फेटलिंगचे काम चालते, म्हणजे ओतीव मालावरची जळकी वाळू आणि फाजील धातू घासून काढायचा. त्यात वाळूची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षे छातीत जात राहिली तर सिलिकोसिस होतो आणि एकदा झालेला तो बरा होत नाही. एका कारखान्यात आम्ही सहा दिवस पाहणी केली, बेचाळीस पानांचा अहवाल लिहिला आणि व्यवस्थापनाला ई-मेलने धाडला. वर लिहिले होते, ‘सोबत धूळविषयक अहवाल जोडला आहे. त्यात कामगारांचे आरोग्य, यंत्रांची स्थिती व उपाययोजना यांचा ऊहापोह केला आहे. कृपया अवलोकन व्हावे.’

तीन आठवडे उत्तर नाही. शेवटी फोन केला, तर तिकडचे साहेब म्हणाले, ‘‘अहो, पण तुम्हांला नेमके हवे काय?’’

राग आला, पण प्रश्न रास्त होता. त्या माणसाने आमचा मेल मोबाईलवर, दोन बैठकांच्या मधल्या वेळात वाचला असणार. जोडलेली फाइल तिथे उघडतो कोण? आमच्या तीन वाक्यांत फक्त अनुक्रमणिका होती. ‘यंत्रांच्या स्थितीचा ऊहापोह केला आहे’ हा विषय झाला. ‘चारपैकी दोन पंखे बंद होते’ हा निष्कर्ष. सारांशात विषय नव्हे, निष्कर्ष हवा.

मग आम्ही नव्याने लिहिले. मेलच्या विषयाच्या ओळीत ‘अहवाल’ एवढेच न लिहिता ‘फेटलिंगमधील धूळ : १५ जूनपूर्वी छातीची तपासणी करण्याची मागणी’ असे घातले. खाली मजकूर असा :

‘फेटलिंगमधील सर्व ४८ कामगारांच्या छातीचे एक्स-रे १५ जूनपूर्वी काढावेत आणि त्याच मुदतीत हवेतील धूळ मोजून आकडे आम्हांस द्यावेत. कारण, ४८ पैकी १७ जणांना तीन महिन्यांहून अधिक काळ खोकला आहे (पृष्ठ ९). धूळ ओढणाऱ्या चार पंख्यांपैकी दोन पाहणीच्या सहाही दिवशी बंद होते (पृष्ठ २२). हा सिलिकोसिसच आहे असे आमचे म्हणणे नाही. ते एक्स-रे व डॉक्टरी तपासणीखेरीज ठरत नाही.’

क्रम पाहा. आधी मागणी आणि मुदत, मग तिला आधार देणाऱ्या दोनच गोष्टी, शेवटी आपल्या माहितीची मर्यादा. पानांचे आकडे अशासाठी, की ज्याला शंका येईल त्याने बेचाळीस पाने चाळू नयेत. नेमके तेच पान उघडावे.

त्या शेवटच्या वाक्यावरून आमच्यात वाद झाला. एका तरुण सहकाऱ्याने आधी लिहिले होते, ‘१७ कामगारांना सिलिकोसिस.’ म्हणाला, ‘‘दादा, थोडक्यात लिहायचे तर असेच लिहावे लागते.’’ आम्ही म्हटले, ‘‘बाबा, थोडक्यात लिहिताना शब्द गाळावेत, शंका गाळू नये.’’ अहवालात ‘खोकला’ आणि सारांशात ‘सिलिकोसिस’ असे दिसले असते, तर समोरच्याने तेवढाच एक शब्द खोटा पाडून सारा अहवाल केराच्या टोपलीत टाकला असता. शिवाय मेल पुढे पुढे धाडला जातो आणि पुष्कळदा फाइलीवाचून, नुसता सारांशच फिरतो. त्या सतरा जणांच्या घरी ही बातमी अशी पोचली असती, तर तिला जबाबदार कोण? म्हणूनच सारांशात आम्ही कोणाचे नावही घातले नाही.

आणखी एक चूक थोडक्यात टळली. अहवालात एका कामगाराची नोंद दोनदा झाली होती. ती दुरुस्त केल्यावर १८ चे १७ झाले. सारांशात मात्र १८ तसेच राहिले होते. तेव्हापासून सारांश शेवटी लिहितो आणि त्यातला प्रत्येक आकडा अहवालात बोट ठेवून पडताळतो.

धाडण्यापूर्वी मजकूर एका मोल्डरला वाचून दाखवला. त्याने अहवाल पाहिलेला नव्हता. विचारले, ‘‘कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे?’’ तिन्ही उत्तरे बरोबर आली, तेव्हाच मेल गेला.

ही युक्ती आमची नव्हे. ९ ऑगस्ट १९४० रोजी, विमानयुद्ध ऐन भरात असताना, चर्चिलनेही आपल्या खात्यांना बजावले होते, की मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत मांडा आणि तपशील परिशिष्टात घाला. युद्ध चालवणाऱ्यालाही सारी पाने वाचायला सवड नव्हती.

चौथ्या दिवशी उत्तर आले. एक्स-रे निघाले. धुळीच्या मोजमापासाठी मात्र अजून भांडतो आहोत. दहा ओळींनी भांडण मिटत नाही. पण ‘तुम्हांला नेमके हवे काय’ असे पुन्हा कोणी विचारले नाही.