कर्जाचा ठराव आणि सहीचा अधिकार
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या हाती असलेल्या अहवालाच्या ताळेबंदात, देणे बाजूस, 'मुदत कर्ज – डायलिसिस विभाग' अशी एक ओळ प्रथमच आली आहे. ती पाहून जुन्नरच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला विचारले, "आम्ही देणग्या देतो, मग कर्ज कशाला? आणि एवढ्या रकमेवर सही केली कोणी?" प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या कागदात आहे, तो म्हणजे विश्वस्त मंडळाच्या सभेचे इतिवृत्त. आज मी त्या इतिवृत्ताविषयीच बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु कागद कसा लिहावा, आणि तो चुकीचा लिहिला तर काय होते, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतील रुग्णाने त्यासाठी दर खेपेस पुण्यास जावयाचे म्हटले, तर रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा सबंध दिवस मोडतो. त्या दोघांची मजुरी बुडते. कित्येक जण काही आठवड्यांनी येणेच सोडून देतात. विभागाचा अंदाजित खर्च ५५ लाख रुपये होता. हाती १५ लाख होते. उरलेल्या देणग्यांचे शब्द मिळाले होते, पण त्या पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने येणार होत्या. रुग्ण तेवढे थांबू शकत नव्हते. म्हणून ४० लाखांचे कर्ज काढण्याचा विचार झाला.

आता मूळ विषय. मंडळाच्या पहिल्या सभेत जो ठराव झाला, त्याचा मसुदा मीच केला होता. तो असा होता : "डायलिसिस विभागासाठी बँकेकडून आवश्यक ते कर्ज घेण्यात यावे. त्यासाठी सचिव व खजिनदार यांना सर्व अधिकार देण्यात येत आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर." ठरावाची खरी प्रत घेऊन मी बँकेत गेलो आणि ती घेऊनच परत आलो. तेथील अधिकाऱ्यांनी सौजन्याने, पण स्पष्टपणे सांगितले की या कागदावर कर्ज देता येणार नाही. त्या वेळी मला राग आला. आज वाटते, त्यांनी संस्थेवर उपकारच केले.

तीन लहान वाक्यांत तीन दोष होते. 'आवश्यक ते' या शब्दांत रक्कमच नव्हती. उद्या कोणी ८० लाखांच्या करारावर सही केली असती, तर मंडळाला नाही म्हणण्यास आधार उरला नसता. दुसरा दोष 'सचिव व खजिनदार' या शब्दांत होता. खजिनदार नुकतेच बदलले होते. विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, द्यावा लागतो. आम्ही तो दिला होता, पण त्यावर निर्णय व्हावयाचा होता. त्यामुळे परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर जुन्याच विश्वस्तांचे नाव होते. ठरावात केवळ पद लिहिलेले. मग बँकेने खजिनदार कोणास मानावे? तिसरा दोष सर्वांत गंभीर होता. 'सर्व अधिकार' या दोन शब्दांत रुग्णालयाची जमीन गहाण टाकण्याचा अधिकारही बसतो, असे उद्या कोणी म्हणू शकला असता. ती जमीन एका दात्याने रुग्णालयासाठी दिली आहे. तिच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा बोजा चढला असता, तर त्या कुटुंबाला आम्ही काय तोंड दाखविले असते?

चौथी गोष्ट ठरावात नव्हतीच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६-अ मध्ये विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढण्याबाबत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीची तरतूद आहे. 'पूर्व' हा शब्द महत्त्वाचा. आधी पैसे उचलावे आणि मागाहून परवानगी मागावी, असा हा क्रम नाही. २०१७ साली या कायद्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. म्हणून कर्जाच्या वेळी लागू असलेला मजकूर वकिलांकडून तपासून घेणे हे आता आमच्या कामाचे पहिले पाऊल आहे. आम्ही पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज दाखल केला आणि परवानगीचा आदेश हाती आल्यावरच मंडळाची दुसरी सभा बोलावली.

त्या सभेचे इतिवृत्त कसे लिहिले, ते सांगतो. आरंभी सूचनापत्र कोणत्या तारखेस पाठविले, किती विश्वस्त उपस्थित होते आणि घटनेनुसार गणपूर्ती झाली काय, हे नोंदविले. आपले एक विश्वस्त त्याच बँकेच्या संचालक मंडळावर होते. आपल्या भागात कारखाना, बँक, शिक्षण संस्था आणि रुग्णालय यांच्या मंडळांवर तीच माणसे आढळतात. त्यात गैर काही नाही. परंतु दोन्ही बाजूंना एकच माणूस बसून निर्णय घेऊ शकत नाही. त्यांनी स्वतःहून हे सांगितले आणि विषय निघताच ते सभागृहाबाहेर गेले. 'चर्चेत व मतदानात भाग घेतला नाही' अशी नोंद झाली.

मग ठराव. नावांच्या जागी मी येथे अ, ब, क म्हणतो :

"डायलिसिस यंत्रे व जलशुद्धीकरण संच यांच्या खरेदीसाठी बँकेकडून रुपये ४० लाखांपर्यंत, पाच वर्षांच्या मुदतीचे, द.सा.द.शे. ११ पेक्षा अधिक नाही अशा व्याजदराने कर्ज घेण्यास, धर्मादाय आदेशातील अटींच्या अधीन राहून, ही सभा मंजुरी देत आहे. तारण म्हणून केवळ या कर्जातून घेतलेली यंत्रे नजरगहाण राहतील. संस्थेची कोणतीही स्थावर मिळकत तारण दिली जाणार नाही. कर्जाच्या कागदपत्रांवर श्री. अ, अध्यक्ष, श्रीमती ब, सचिव, व श्री. क, खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांनी संयुक्तपणे सही करावी. त्यांपैकी एक सही अध्यक्षांची असावी. यापूर्वीचा ठराव रद्द समजावा. यांपैकी कोणी पदावरून दूर झाल्यास त्यांचा अधिकार त्या दिवशी संपेल व सचिवांनी बँकेस तत्काळ लेखी कळवावे. सचिवच पदावर नसल्यास अध्यक्षांनी कळवावे."

यात नाव आणि पद दोन्ही आहेत. नुसते पद लिहिले तर माणूस कोण हा वाद होतो. नुसते नाव लिहिले तर पद सोडलेल्या माणसाची सही पुढेही चालत राहते. शेवटचे वाक्य अनेक संस्था विसरतात. जोपर्यंत बँकेला कळविले नाही, तोपर्यंत तिच्या नोंदीत जुनीच सही चालू असते. पोच घेतलेले पत्र फाइलमध्ये नसेल, तर सभागृहात झालेला निर्णय बँकेच्या खिडकीपर्यंत पोहोचलाच नाही असे समजावे.

'संयुक्तपणे' या एका शब्दाचे मोल सांगणारा एक निवाडा आहे. बिहारमधील बिहटा येथील ऊस उत्पादकांच्या सहकारी संघाचे बँक ऑफ बिहारमध्ये खाते होते. त्याच्या धनादेशावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागत. एका धनादेशावर एक सही खरी आणि दुसरी बनावट निघाली. बँकेने पैसे दिले होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६६ साली निर्णय झाला. दोन सह्यांची आज्ञा असताना एक बनावट असेल, तर ती आज्ञाच नव्हे. खऱ्या सहीच्या आधारे बँकेला ते पैसे संघाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. पण हे संरक्षण दोन सह्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी, कागद वाचून केल्या तरच. एका विश्वस्तांनी कोऱ्या धनादेशपुस्तकावर आधीच सह्या करून ठेवल्या, तर त्यांची सही खरीच असते आणि संस्थेचा दावा तेथेच दुबळा होतो. आमच्याकडे कोऱ्या कागदावर सही न करण्याचा नियम यासाठीच आहे. एखादे देयक त्यामुळे दोन दिवस उशिरा गेले तरी चालेल.

बँक स्वतःचा छापील ठरावही देते. तो भरून द्यावा, सह्या कराव्या, असा मोह होतो. आम्ही तो सभेत मोठ्याने वाचला. त्यात 'संस्थेची सध्याची व भविष्यातील सर्व मालमत्ता' तारण असल्याचा मजकूर होता. आमच्या ठरावाच्या तो सरळ विरुद्ध होता. तो बदलून यंत्रांपुरता करून घेतला आणि मगच सही झाली. शिवाय निर्धन रुग्ण निधीचे खाते हप्त्यांच्या वसुलीतून पूर्णपणे वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम त्या खात्यात जाते. ती गरीब रुग्णांच्या उपचाराची आहे. तिच्यातून बँकेचा हप्ता जाणे म्हणजे एका रुग्णाच्या ताटातून दुसऱ्याला वाढणे होय.

राहिला परतफेडीचा हिशेब. ४० लाख, ११ टक्के, ६० हप्ते धरल्यास दरमहा सुमारे ८७ हजार रुपये द्यावे लागतात. पाच वर्षांत व्याज १२ लाखांहून थोडे अधिक होते. सभेपुढे मी वर्षाची सरासरी शिल्लक ठेवली नाही. गेल्या तीन वर्षांतील सर्वांत वाईट महिन्याची शिल्लक ठेवली. पावसाळ्यात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, आपल्याकडे नियोजित शस्त्रक्रिया कमी होतात. हप्ता मात्र तेव्हाही चुकत नाही. त्या महिन्यातही हप्ता निघतो, हे पाहूनच हात वर झाले. हा तक्ता इतिवृत्तास जोडला आहे.

ठरावाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मंडळाचा ठराव संस्थेस बांधतो. तो कोणा विश्वस्ताच्या घरादारास बांधत नाही. बँकेने वैयक्तिक हमी मागितल्यास ती ज्याने त्याने स्वतःच्या विचाराने व स्वतःच्या सहीने द्यावयाची असते. बहुमताने ती कोणावर लादता येत नाही. आणि ठराव कितीही नेमका असला तरी हप्ता भरण्यास रोज येणारा रुग्ण आणि दिलेला शब्द पाळणारा दाताच लागतो.

पहिला ठराव परत आल्यामुळे विभाग सुरू होण्यास काही महिने उशीर झाला. त्या महिन्यांत पुण्याच्या एसटीत बसून जाणाऱ्या रुग्णांना माझ्या तीन वाक्यांची किंमत मोजावी लागली, ही खंत मी लपवीत नाही. दोन्ही ठराव इतिवृत्त पुस्तकात एकापाठोपाठ आहेत. पहिला आम्ही फाडला नाही, खोडलाही नाही. कार्यालयात येऊन ते पुस्तक पाहण्यास सर्व देणगीदारांचे स्वागत आहे.