शेकडा दहा, पण कशाचे?



आपल्या माण, खटाव, आटपाडी, खानापूर या भागात गलाईच्या धंद्यातलं माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. पावसानं पाठ फिरवली म्हणून इथली माणसं बाहेर पडली आणि देशभर सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देण्याचा व्यवसाय त्यांनी उभा केला. पंजाबात, केरळात, तमिळनाडूत, कुठल्याही सराफ पेठेत गेलात तरी एखाद्या बोळात मूस, भट्टी आणि आपल्याकडची मराठी बोली सापडते. धंदा वाढला की मालक दुसऱ्या गावी दुसरं दुकान टाकतो, आणि पहिलं दुकान गावाकडच्या विश्वासू माणसाच्या हाती देतो. भाचा, पुतण्या, नाहीतर भावकीतलाच कुणीतरी. त्याला पगार ठरतो, आणि वर नफ्यावर शेकडा दहा. आज मला बोलायचं आहे ते या ‘शेकडा दहा’वर.

काही वर्षांपूर्वी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेला असेच एक मामा-भाचे माझ्याकडे आले. मार्गशीर्षातली गोष्ट. हिशेब 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा, म्हणजे आठ महिने मिटलेला नव्हता. भाच्याच्या हातात दुकानाची वही होती आणि मामांच्या खिशात घडी घातलेला करारनामा. त्यात एकच ओळ होती: ‘पगाराव्यतिरिक्त दुकानाच्या निव्वळ नफ्यावर शेकडा 10 कमिशन.’

मी आधी दोघांना थांबवलं आणि वही मागितली. कारण टक्के नंतर, नफा आधी. वहीत निव्वळ नफा 4,32,000 रुपये दिसत होता. पण खर्चाची पानं चाळताना दोन नोंदी नजरेत आल्या. एक, 18,000 रुपये ‘मोटार दुरुस्ती’. भट्टीच्या दुकानात कसली मोटार? विचारलं तर ती गावाकडच्या विहिरीवरची निघाली. पैसे दुकानातून गेले म्हणून मुनिमानं ते दुकानाच्या खर्चात घातले होते. ती मालकाची उचल. तिचा दुकानाच्या नफ्याशी संबंध नाही. दुसरी नोंद 12,000 रुपयांची, ‘कमिशन’ या नावानं. भाच्यानं दिवाळीला आगाऊ घेतलेले पैसे. ही नोंद फार फसवी असते. ज्या कमिशनची रक्कम अजून ठरायची आहे, त्याचाच एक तुकडा खर्चात पडून बसलेला असतो. त्यामुळे नफा तेवढ्यानं आधीच कमी दिसतो, आणि त्या कमी नफ्यावर कमिशन काढलं, वर उचलही वळती केली, की माणूस दोन्हीकडून मार खातो. म्हणून दोन्ही रकमा परत मिळवल्या. 4,32,000 अधिक 18,000 अधिक 12,000, असे झाले 4,62,000. घसारा, थकलेलं भाडं, आम्लाचं आणि गॅसचं बिल, कामगारांचा पगार, हे सगळं त्यात आधीच वजा होतं. तेव्हा हा कमिशन आकारण्यापूर्वीचा खरा नफा.

आता खरा वाद. भाचा म्हणाला, “मामा, चार लाख बासष्ट हजाराचा दहावा हिस्सा शेचाळीस हजार दोनशे. ह्यात काय चुकलं?”

मामा म्हणाले, “आरं, तुझं कमिशन हा बी दुकानाचा खर्चच की. त्यो वजा केल्याबिगर नफा निव्वळ कसा हुईल? उरंल त्याचं शेकडा दहा तुझं.”

आणि मामांनी तोंडानं हिशेब केला. 46,200 वजा केले, उरले 4,15,800, त्याचे दहा टक्के 41,580. “हे घे,” म्हणाले.

श्रोतेहो, मामांचं म्हणणं बरोबर होतं, पण आकडा चुकला होता. आणि ही चूक फार जणांकडून होते, म्हणून ती नीट पाहू. 41,580 रुपये भाच्याला दिले तर दुकानात उरतील 4,20,420. त्याचे दहा टक्के होतात 42,042. म्हणजे मामांच्याच नियमानं भाच्याला कमी मिळाले. मामांनी कमिशन वजा केलं खरं, पण 46,200 वजा केलं, आणि दिलं मात्र 41,580. जे द्यायचंच नाही ते वजा कसं करायचं? बरं, 42,042 वजा करून पुन्हा करा. उरतात 4,19,958 आणि कमिशन येतं 41,996 च्या आसपास. पुन्हा करा, 42,000 च्या आणखी जवळ. दर फेरीला आकडा कधी थोडा वर, कधी थोडा खाली असा हेलकावे घेत एका ठिकाणी स्थिर होतो. ते ठिकाण 42,000.

पण इतक्या फेऱ्या मारायची गरज नाही. उलट्या बाजूनं विचार करायचा. कमिशन गेल्यावर मालकाकडे 100 रुपये उरले असं धरा. त्या 100 वर भाच्याचे 10. मग कमिशन जाण्यापूर्वी नफा किती होता? 110. म्हणजे कमिशनपूर्वीच्या दर 110 रुपयांत भाच्याचे 10, अकरा भागांतला एक भाग. 4,62,000 ला 11 नं भागा, 42,000 येतात. पडताळा पाहा: 4,62,000 वजा 42,000, उरले 4,20,000, आणि त्याचे शेकडा दहा बरोबर 42,000. पैशाचाही फरक नाही. हा पडताळा मी विद्यार्थ्यांना कधी सोडू देत नाही. कमिशन वजा करून उरलेल्या नफ्याला दरानं गुणा. तोच आकडा परत आला तर हिशेब बरोबर, नाही आला तर कुठेतरी 110 ऐवजी 100 नं भागलेलं आहे.

दर पाच असेल तर 105 मधले 5, साडेबारा असेल तर एकशे साडेबारांतले साडेबारा. कमिशनपूर्वीच्या नफ्याचा हिशेब असेल तेव्हा खाली 100, कमिशननंतरच्या नफ्याचा असेल तेव्हा खाली 100 अधिक दर. कधी कधी दोन माणसं असतात. व्यवस्थापकाला 10 आणि भट्टीवरच्या मुख्य कारागिराला 5, दोघांचंही कमिशन वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर. तिथं मालकाचे 100, त्यांचे 10 आणि 5, मिळून 115. नफा 4,60,000 असेल तर एका भागाला 4,000. व्यवस्थापकाला 40,000, कारागिराला 20,000, आणि मालकाकडे 4,00,000. एकाचं कमिशन आधी काढून मग दुसऱ्याचं काढलं तर उत्तर वेगळं येतं, म्हणून कुणाचं कशानंतर हेही करारात लागतं.

परत मामा-भाच्यांकडे येऊ. आता आकडे दोनच उरले. भाच्याचे 46,200 आणि मामांच्या नियमाचे 42,000. फरक 4,200 रुपयांचा. हिशेबानं दोन्ही बरोबर. मग कुठला घ्यायचा, हे पाटीपेन्सिलीनं ठरत नाही. ते करारातल्या ओळीनं ठरायला हवं होतं, आणि त्या ओळीत ‘कमिशन आकारण्यापूर्वीच्या’ किंवा ‘कमिशन आकारल्यानंतरच्या’ यांपैकी काहीच नव्हतं. ‘निव्वळ’ या शब्दानं दोघांनाही आपापल्या बाजूनं बळ दिलं होतं. पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकांत रीत अशी, की ‘आकारल्यानंतर’ असं स्पष्ट सांगितलेलं नसेल तर कमिशन आकारण्यापूर्वीच्या नफ्यावर काढायचं. पब्लिक कंपन्यांच्या बाबतीत कायद्यानं हा प्रश्न मोकळा ठेवलेलाच नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 197 मध्ये एका व्यवस्थापकीय संचालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या मोबदल्याला साधारणपणे निव्वळ नफ्याच्या 5 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तो नफा कसा काढायचा हे कलम 198 सांगतं, आणि संचालकांचा मोबदला त्यातून वजा धरायचा नाही हेही कलम 197 मध्येच लिहून ठेवलंय. आयकरही वजा धरायचा नाही. एवढ्या मोठ्या कारभारात जे दोन ओळी खर्चून लिहावं लागलं, ते आपल्या दुकानाच्या कागदावर लिहायला लाजायचं कारण नाही.

मामांच्या मनात आणखी एक भीती होती, ती त्यांनी भाचा पाणी प्यायला उठला तेव्हा हळू आवाजात सांगितली. नफ्यात वाटा दिला म्हणजे हा उद्या भागीदार म्हणून उभा राहील का? ही भीती मी गलाईवाल्या अनेक घरांत ऐकली आहे, आणि तिच्यापायी काही मालक कमिशन द्यायचंच टाळतात. भारतीय भागीदारी कायदा 1932 च्या कलम 6 मध्ये याचं उत्तर आहे. नोकराला त्याच्या कामाचा मोबदला म्हणून नफ्यातला हिस्सा दिला, तर तेवढ्यानंच तो भागीदार ठरत नाही. खरा संबंध काय आहे ते सगळ्या गोष्टी एकत्र पाहून ठरतं. म्हणून कागदावर तो पगारी व्यवस्थापक आहे, भांडवल मालकाचं आहे आणि तोटाही मालकाचा आहे, हे लिहून ठेवावं. मामांनी त्यावर विचारलं, “तोट्याच्या साली काय?” नफा नसेल त्या साली कमिशन नाही. पण एका सालचा तोटा पुढच्या सालच्या नफ्यातून आधी भरून काढायचा की नाही, हाही प्रश्न कागदावरच सुटतो. त्यांच्या कागदावर तोही नव्हता.

शेवटी ठरलं असं. ओळ मामांनी लिहिली होती आणि ती अपुरी होती, म्हणून त्या वर्षापुरतं भाच्याचं म्हणणं धरायचं. मामा स्वतःच म्हणाले, “माझ्या हातनं राहिलं, पोराचं कशाला कापू?” 46,200 मधून दिवाळीची 12,000 उचल वळती केली आणि 34,200 रुपये देणे निघाले. वहीत 46,200 नफा-तोटा खात्याला नावे टाकले. त्या वर्षीच्या ताळेबंदात देणी बाजूला 34,200 ‘देय कमिशन’ म्हणून दाखवले. विहिरीच्या मोटारीचे 18,000 मामांच्या भांडवलातून उचल म्हणून कमी केले.

पुढच्या वर्षासाठी भाच्यानं मामांची रीत मान्य केली. त्याचं कारणही त्यानं सांगितलं: “नंतरच्या नफ्यावर धरलं तर मामांचा हिस्सा माझ्या दहापट, हे त्यांना न मोजताच कळतंय. मला तेवढं बरं.” नव्या कागदावरची ओळ मी सांगितली आणि भाच्यानं आपल्या अक्षरात लिहिली. ती वाचून दाखवतो: ‘31 मार्च रोजी संपणाऱ्या वर्षाचा दुकानाचा नफा, मालकाची घरगुती उचल खर्चात न धरता व वर्षात घेतलेली कमिशनची आगाऊ रक्कम परत मिळवून काढावा. त्या नफ्यातून व्यवस्थापकाचे कमिशन वजा जाता जो नफा उरेल, त्याच्या शेकडा 10 एवढे कमिशन व्यवस्थापकास द्यावे. म्हणजेच कमिशनपूर्वीच्या नफ्याचा अकरावा भाग. मागील सालचा तोटा यातून वजा करू नये.’

शेवटचं वाक्य मामांनी स्वतः घालायला लावलं. मग दोघांनी सह्या केल्या, वही पिशवीत घातली, आणि रथ नदीकडं निघायच्या आत पोचायचं म्हणून लगबगीनं बाहेर पडले.