मुलास सांगितलेल्या चार गोष्टी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा उपदेश करण्यापेक्षा आमच्या घरी घडलेली हकीकतच सांगावी, असे आम्ही ठरविले. आमचे चिरंजीव १६ वर्षांचे, अकरावीत शिकतात. गेल्या गणेशोत्सवात ते मित्रांसमवेत आरास पाहावयास गेले. साडेनऊला परतावयाचे, ते सव्वाअकराला आले. फोन बंद, बॅटरी संपलेली. त्या पावणेदोन तासांत आम्ही किती वेळा जिन्यापर्यंत जाऊन आलो, ते आमचे आम्हांसच ठाऊक.

त्या रात्री आम्ही काही बोललो नाही. रागाच्या भरात घातलेला नियम दुसऱ्या दिवशी आपणच मोडतो. दुसऱ्या सायंकाळी त्यास जवळ बसवून म्हटले ते असे :

"बाळ, तुझ्यावर आमचा अविश्वास नाही. परंतु घरी येण्याची वेळ रात्री ९. सणावारी ती वाढवून मिळेल. मात्र विचारावयाचे ते ९ वाजण्यापूर्वी. बॅटरी संपली, ही सबब नव्हे. सोबत्याच्या फोनवरून कळवावे, आणि त्यासाठी आमचा क्रमांक तुला तोंडपाठ हवा. कधी अडचणीत सापडलास, तर वेळ न पाहता बोलाव. आधी तुला घरी आणू. जाब सकाळी विचारू.

"आता फोनचा हिशेब तूच मांड. कॉलेजसाठी ६ ला उठावे लागते. तुझ्या वयास ८ ते १० तास झोप हवी, म्हणजे १० ला डोळा लागला पाहिजे. या वयात झोप मुळातच उशिरा येते. तो तुझा दोष नव्हे, देहाचा धर्म आहे. पण उशाशी फोन असला की ती आणखी लांबते. काहीशी त्याच्या उजेडाने, काहीशी प्रत्येक निरोपास उत्तर देण्याच्या ओढीने. म्हणून साडेनऊला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागेल, आणि आम्हां दोघांचेही तेथेच. गजरासाठी घड्याळ आणले आहे. तुझे निरोप आम्ही चोरून वाचणार नाही."

त्याने हरकत घेतली, की अभ्यासाच्या टिपणी रात्रीच येतात. ते खरे होते. परीक्षेच्या आठवड्यात अर्धा तास अधिक द्यावयाचे ठरले.

पहिला आठवडा अबोल्यात गेला. पुढे एकदा साडेदहाला आम्हीच फोन घेऊन बसलो असता त्याने हसत तो उचलून जागेवर ठेवला. आम्ही निमूट उठलो. पूर्वी सकाळी चार हाका लागत, आता एक पुरते. रविवारीही तो दुपारपर्यंत लोळत नाही. नियम लागू पडला की नाही, हे आम्ही यावरून ओळखतो. उशीर अजूनही होतो. परंतु आता ९ पूर्वी फोन वाजतो, आणि आम्ही जिन्यापर्यंत जात नाही.