मूल हवे की नको : नवऱ्याशी बोलावे कसे
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठे विचार माझ्याकडून कोणी ऐकणार नाही, आणि माझ्याजवळ ते नाहीतही. पण गेल्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, "काकू, यांना दुसरे मूल हवे आहे, मला नको. कसे सांगू?" तिला तिथे उभ्याउभ्या काय सांगणार? म्हणून आज मी स्वतःचेच सांगते. यांची परवानगी घेतली आहे.

आमचे लग्न 2000 सालचे. 2002 मध्ये मुलगी झाली. शेवटच्या दोन महिन्यांत माझा रक्तदाब फार वाढला, पायांना सूज आली, आणि दिवस भरायच्या आधीच पोट कापून मूल काढावे लागले. मुलगी अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. पुढे दोघांच्या विचाराने मी तांबी बसवून घेतली. तीन-चार वर्षांचे अंतर असावे, मग दुसरे, असे तेव्हा बोलणे झाले होते. खरे म्हणजे बोलले ते हेच. मी नुसती मान हलवली होती.

मुलगी बालवाडीत जाऊ लागली तशी यांनी गोष्ट काढली, "आता तांबी काढून घ्यायची ना?" मी म्हटले, "बघू." या "बघू"वर मी दीड वर्ष काढले. आपल्या घरांत हा शब्द फार सोयीचा आहे. नाही म्हटल्याचे पाप लागत नाही, आणि हो म्हटल्याची जबाबदारीही येत नाही. पण ऐकणारा त्याचा अर्थ आपल्या मनासारखा करून घेतो. हे धरून चालले होते की, मी तयार आहे, फक्त वेळ लागतो आहे.

पुढे "बघू" पुरेना, तेव्हा मी कारणे देऊ लागले. पहिले कारण पैशाचे. घर भाड्याचे, दोन मुलांच्या शाळा कशा झेपणार? हे छापखान्यात मशीनवर कामाला. माझे बोलणे यांनी मनावर घेतले आणि शेजारच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात संध्याकाळचे चार तास काम धरले. रात्री साडेदहाला येत, हाताला खळीचा वास. आठ महिन्यांनी यांनी माझ्यापुढे पोस्टाचे पासबुक ठेवले आणि म्हणाले, "आता तरी?"

मैत्रिणींनो, त्या वेळी मला जी लाज वाटली ती मी विसरणार नाही. कारण मला पैशामुळे मूल नको होते असे नव्हतेच. ते मी कुणाचे तरी ऐकून उसने आणलेले कारण होते. आणि उसन्या कारणाचे असे असते की, समोरचा माणूस भला असेल तर ते दूर करून दाखवतो. मग आपल्या हातात काय राहते?

पण शहाणपण तेव्हाही आले नाही. मी दुसरे कारण काढले. म्हटले, "डॉक्टरीणबाईंनी नको सांगितले आहे." हे तर चक्क खोटे होते. यांचा चेहरा उतरला. चार दिवसांनी म्हणाले, "आपण दोघे जाऊन नीट विचारू." गेलो. बाईंनी जुने कागद पाहिले आणि सांगितले, "एकदा असा रक्तदाब वाढला की पुढच्या खेपेला तो पुन्हा वाढण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते. पण वाढेलच असे नाही. पहिल्यापासून तपासणी ठेवावी लागेल, दवाखान्याजवळ राहावे लागेल. मूल होऊच देऊ नका असे मी म्हणणार नाही." हे माझ्याकडे बघत होते. बसमधून घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्री मी विचार केला की मला खरोखर काय वाटते? पैसा सोडला, रक्तदाब सोडला, सासूबाईंना नातू हवा होता तेही सोडले, तर खाली काय उरते? उरले ते एवढेच : मला पुन्हा आई व्हायची इच्छा नव्हती. एका मुलीत माझे मन भरले होते. ती जरा मोठी झाली होती, मला दुपारी तासभर स्वतःचा मिळू लागला होता, आणि तो पुन्हा द्यावा असे वाटत नव्हते. हे वाक्य मनात म्हणायलासुद्धा मला दोन दिवस लागले. बाईने असे वाटून घेऊ नये, अशीच आपली शिकवण. परंतु नवऱ्याला सांगण्याआधी ते स्वतःला सांगता आले पाहिजे, नाहीतर तोंडातून पुन्हा उसनेच काहीतरी निघते.

आता सांगावे कुठे आणि कधी, याचा मी थोडा विचार केला. दिवाळी अंकांचे दिवस असले की यांना छापखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून ते दिवस जाऊ दिले. रात्री अंथरुणावर हा विषय काढायचा नाही असे ठरवले. त्या वेळी नकाराचा अर्थ भलताच होतो. घरात सासूबाई, भिंत पातळ. म्हणून एका रविवारी पहाटे मुलीला त्यांच्याजवळ ठेवून आम्ही पर्वतीला गेलो. पायऱ्या चढून वर कठड्याशी शेजारीशेजारी बसलो. समोरासमोर बसण्यापेक्षा हे बरे असते. दोघांनी शहराकडे बघत बोलता येते.

मी म्हटले, "अहो, मी तुमच्याशी दोनदा खोटे बोलले. पैशाचे कारण खरे नव्हते, डॉक्टरीणबाईंचेही नव्हते. मला दुसरे मूल नको आहे. तुम्हाला हवे आहे हे मला माहीत आहे. आज काही ठरवायचे नाही. तुम्हाला ते का हवे आहे, ते मला ऐकायचे आहे."

एवढेच पाठ करून गेले होते. आधी आपली चूक, मग आपले म्हणणे एका वाक्यात, मग त्यांचे ऐकणे. रडायचे नाही असेही ठरवले होते, ते जमले नाही.

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आठ महिने मी खळ ढवळली, तेव्हा का नाही सांगितलेस?" याला उत्तर नव्हते, आणि मी दिलेही नाही. "चुकले," एवढेच म्हटले. तिथे सबबी सांगत बसले असते तर पुढचे बोलणे झालेच नसते.

त्या दिवशी हे स्वतःचे काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी बोलले. मला वाटत होते की यांना मुलगा हवा असेल. तसे नव्हते. हे एकुलते एक. वडील वारले तेव्हा हे एकोणीस वर्षांचे. वैकुंठातून परत आल्यावर घरात आईला धरायला दुसरे कुणी नव्हते. "आपल्या मागे हिला असे एकटे बसायला लागू नये," हे त्यांचे कारण. सहा वर्षांच्या संसारात मी ते कधी ऐकले नव्हते, कारण विचारलेच नव्हते. मी लगेच "मावसबहिणी आहेत की" म्हणणार होते, जीभ आवरली. त्याऐवजी त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत परत सांगितले आणि "असेच ना?" म्हणून विचारले. त्यांनीही माझे तसे सांगितले. पहिल्यांदा चुकीचे सांगितले : "तुला त्रास नको." मी म्हटले, "नाही, त्रासाला मी तयार होईन. मला इच्छाच नाही." त्रास आणि इच्छा यांतला फरक कळायला यांना आणखी दोन रविवार लागले.

या काळात आम्ही दोन गोष्टी पाळल्या. एक, दसऱ्यापर्यंत तांबी काढायची नाही आणि कुणी शस्त्रक्रियाही करून घ्यायची नाही. तांबी काढता येते, शस्त्रक्रिया परत फिरवणे अवघड. बोलणे चालू असताना परतीची वाट बंद करणे म्हणजे बोलणे नुसते नावाचे. दुसरी, घरच्यांना यात घ्यायचे नाही. सासूबाईंनी विचारले की दोघांनी एकच उत्तर द्यायचे, "आमचे बोलणे चालले आहे."

कायद्याचेही सांगते, कारण कोणीतरी विचारणारच. 1971 च्या कायद्याप्रमाणे गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःचीच संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. सरकारी नियमाप्रमाणे कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराची सही सक्तीची नाही. हा अधिकार मोठा आहे. पण अधिकार आहे म्हणून न सांगता करून टाकले, तर पुढे त्याच घरात राहायचे असते. मात्र जिथे बोलल्याबद्दल मारहाण होते, तिथे माझे हे पर्वतीचे सांगणे लागू नाही. तिथे आधी आपला जीव. 181 या क्रमांकावर बायकांसाठी मदत मिळते.

आपल्याकडे असे कुणी मोकळेपणाने ठरवत नाही, असे म्हणाल तर हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांच्याच घरातले उदाहरण आहे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत "समाजस्वास्थ्य" मासिक चालवले, संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. त्यांना आणि मालतीबाईंना मूल नव्हते, आणि ते दोघांच्या विचाराने. 2001 साली त्यांच्यावर "ध्यासपर्व" चित्रपट निघाला, तो मी पुढे दूरदर्शनवर पाहिला. पाहताना मला सारखे वाटत होते की, हे पहिल्यांदा कोणी काढले असेल, आणि दुसऱ्याने ऐकून घेतले तेव्हा तोंड कसे झाले असेल?

आमचे दसऱ्याला काय झाले ते सांगते. इतर बाबतींत मधला मार्ग निघतो. भाजीत गूळ थोडा कमी, थोडा जास्त. अर्धे मूल होत नाही. कुणाला तरी पूर्ण सोडावे लागते, आणि ज्याने सोडले त्याला ते दुखते. यांनी सोडले. म्हणाले, "तुला नको असताना आलेले मूल तुझ्या मांडीवर मला बघवायचे नाही." मी "तुम्ही मनापासून म्हणता ना?" असे तीनदा विचारले. तिसऱ्यांदा रागावले. कदाचित मीही सोडले असते, हे मी त्यांना सांगितले होते आणि ते खरे होते. नुसते दाखवण्यापुरते असते तर यांना ते कळले असते. दोन खोट्यांनंतर यांचे कान तयार झाले होते.

मी त्यानंतर एक नियम केला. यांना वाईट वाटले तर "आता तो विषय संपला ना" असे म्हणायचे नाही. भाचरांच्या मुंजीला, शेजारच्या बारशाला यांचा चेहरा बदलतो. मी जवळ जाऊन बसते.

मुलगी आता नोकरी करते. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हा वैकुंठातून आल्यावर तिने बापाला धरले. हे नंतर मला म्हणाले, "हिला कोण धरील?" मी उत्तर दिले नाही, हातावर हात ठेवला.

या भाषणाचा कागद मी यांना वाचायला दिला होता. चष्मा काढून म्हणाले, "सगळे बरोबर आहे. फक्त एवढे घाल, की मला दुसरे हवे होते, आणि अजूनही कधीकधी हवे वाटते."

ते घातले आहे.